लेखी खुलासा

मी पहिल्यापासूनच संशयी. भाजीवाल्याने न मागता मूठभर कोथिंबीर टाकली की मी आधी टोमॅटो उलटे करून बघते. माहेरी, सांगलीकडे, याला कुणी नावं ठेवली नव्हती. बनारसला सून होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात मला ताडलं आणि म्हणाल्या, "अगं, तू तर दरोग्याच्या वरताण आहेस." दरोगा म्हणजे फौजदार, हे मला त्या दिवशी कळलं. तर अशी मी. पण या प्रकरणात मी घरच्यादारच्या सगळ्यांवर संशय घेतला, आणि ज्याच्यावर घ्यायला हवा होता तो माझ्याच हातचा एक शब्द होता.

घरात आम्ही तिघंच. नवरा रेल्वेत, रोज मुगलसरायला जाऊन येऊन. सासूबाई मुलींच्या शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झालेल्या. सासरे मी लग्न होऊन यायच्या आधीच गेले होते. सासरची मंडळी कितीतरी पिढ्या दूधविनायकच्या गल्लीत राहिलेली, त्यामुळे घरात बोलतात ती मराठीच, पण तिच्यात हिंदी इतकी मुरलीय की पहिली काही वर्षं मला अर्धं बोलणं अंदाजाने समजून घ्यावं लागे. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "दाल जरा पतली कर गं!" आणि मी पातळ शब्दावरून ओळखायचे की पाणी घालायचंय.

मी लॅब टेक्निशियन. रक्त घ्यायचं, नमुने मशीनवर लावायचे, स्लाइड रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, सकाळी मशीन सुरू करताना ते बरोबर आकडे देतंय की नाही ते तपासायचं, हे सगळं माझं काम. इथल्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बरीच वर्षं ते केलं. मोठ्या रस्त्यावर पहिल्या मजल्यावर होती ती. मालक एक वयस्कर डॉक्टर. माणूस हुशार, पण तोंडाचा फाटका. मी एका रुग्णालयात लागायचं ठरवलं तेव्हा रीतसर नोटीस दिली, तर म्हणाले, "जाइए, जाइए, यहाँ किसने बाँध के रखा है." वर तीन ओळींचा एक कागद दिला. 'इन्होंने हमारे यहाँ निष्ठापूर्वक कार्य किया, हम इनके उज्ज्वल भविष्य की कामना करते हैं.' कधीपासून, कधीपर्यंत, काय काम, एक अक्षर नाही. मी तो घडी करून कपाटात टाकला.

मग मी परदेशी जायचं मनावर घेतलं. आमच्या कामाची तिकडे एक परिषद असते. ती तुमचं शिक्षण आणि अनुभव तपासते, पास केलं तरच तिकडच्या परीक्षेला बसता येतं. मला तिकडचा पैसा नको होता असं म्हणणार नाही, हवाच होता. पण खरं सांगायचं तर मला त्याहून जास्त काहीतरी हवं होतं. इतकी वर्षं सूक्ष्मदर्शकावर डोळे फोडूनही मोहल्ल्यात माझी ओळख एकच, 'अरे वही, जो खून निकालती हैं'. एकदा कुणीतरी कागदावर लिहावं की ही बाई काय काय करते, असं फार वाटायचं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू पुढे हो, मी मागून बघतो. आईला मात्र आत्ताच नको सांगूस, आधी काहीतरी पक्कं होऊ दे." ते मलाही सोयीचंच वाटलं. सासूबाई मोडता घालतील याची मला खात्रीच होती.

परिषदेने तो तीन ओळींचा कागद परत केला. त्यांना हवं होतं ते असं: लॅबच्या छापील कागदावर पत्र, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, दिवस महिन्यासकट, पूर्ण वेळ की अर्धा वेळ, आठवड्याचे तास, कुठल्या कुठल्या विभागात काम केलं आणि तिथे नेमकं काय केलं. सही वरिष्ठाची, खाली त्यांचा फोन. आणि पत्र माझ्या हातून नको, लॅबने आपल्या ईमेलवरून थेट पाठवायचं. कामाचं वर्णनही मालकाने स्वतःच्या शब्दांत लिहायचं, अर्जदाराने मसुदा करून द्यायचा नाही. गरज वाटली तर ते लॅबला फोन करून विचारणार. आणि ठरल्या मुदतीत हे आलं नाही तर फाइल बंद. मग फी भरून पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे बघा, माझी सगळी वर्षं त्या तोंडफाटक्या माणसाच्या हातात, आणि तो काय लिहिणार ते मला दिसणारही नाही.

लॅबकडे मागणी करायचं माझं पत्र हिंदीत लिहायचं हे नक्की होतं. लॅबमध्ये रजेचा अर्जसुद्धा हिंदीतच चालायचा, इंग्रजी दिसलं की डॉक्टरसाहेब कागद बाजूला सारायचे. माझी बोलायची हिंदी आता कुणाच्या बापाला ऐकत नाही, रिक्षावाल्याशी मी बनारसीत भांडते. लिहायची गोष्ट वेगळी. घरात हिंदीच्या बाई बसलेल्या, पण त्यांनाच तर कळू द्यायचं नव्हतं! नवऱ्याला दाखवलं असतं तर त्याने चार चुका काढून चिडवलं असतं. म्हणून दुपारी सासूबाई झोपल्यावर एकटीनेच बसून लिहिलं. अर्ज म्हटला की हात आपोआप शाळेतल्यासारखा चालतो, ठेवणीतले शब्द आठवायला लागतात. परदेशाचा उल्लेख मी मुद्दाम टाळला. डॉक्टरांच्या पोटात दुखेल, आणि ही बातमी फिरत फिरत आमच्या गल्लीत येईल, ही भीती. नुसतं 'परिषद' लिहिलं. मला ते पत्र अजून पाठ आहे:

'मैं आपके यहाँ किस तारीख़ से किस तारीख़ तक थी और मुझसे कौन-कौन से काम लिए गए, इसका आप लिखित खुलासा करें. परिषद आपसे सीधे पूछताछ भी कर सकती है. खुलासा समय पर नहीं हुआ तो आगे की कार्रवाई में मुझे कठिनाई होगी.'

लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. काय मुद्देसूद लिहिलंय, असं!

नवऱ्याने एकच सल्ला दिला होता, तो पक्का रेल्वेचा. "नुसतं देऊन येऊ नकोस. आपल्या कॉपीवर शिक्का घे, तारीख घे, घेणाऱ्याची सही घे." मी ते अगदी मनापासून पाळलं. काउंटरवरच्या मुलीला मीच काम शिकवलं होतं. "अरे दीदी! आइए ना," असं म्हणत तिने हसून पत्र घेतलं. मी कॉपी पुढे केली आणि म्हटलं, "इस पर रिसीविंग दे दो." तिचं हसू तिथेच थांबलं. तिने पत्र उघडलं, वाचलं, आणि आत जाऊन बराच वेळ आली नाही. शेवटी मॅनेजर बाहेर आला. त्याने शिक्का मारला, सही केली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "और किस-किस को दिया है ये?"

"और किसको दूँगी?" मी म्हटलं.

तो तसाच आत गेला. जिना उतरताना माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्यानंतर सगळं चिडीचूप. आठवड्याने फोन केला तर "साहब मीटिंग में हैं". लॅबमध्ये कसली आलीय मीटिंग? तिथे चहा प्यायला दोघं एका वेळी बसत नाहीत. पुढे पुढे तर माझा नंबर दिसला की फोनच उचलत नव्हते. काउंटरवरच्या ज्या मुलीला मी शिरेत सुई घालायला शिकवलं ती बाजारात दिसली, तर तिने मला पाहिलं आणि बांगड्यांच्या दुकानात शिरली. मी बाहेर उभी राहिले. मेली बाहेरच येईना! शेवटी आली, इकडे तिकडे बघत माझ्याजवळ येऊन पुटपुटली, "दीदी, हमको इसमें मत घसीटिएगा. वकील साहब आए थे," आणि चालती झाली.

वकील? माझं डोकं भणाणून गेलं. एका अनुभवपत्रासाठी वकील कशाला? नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. मला वाटलं, डॉक्टर सूड घेतायत. मी सोडून गेले त्याचा राग धरून काहीतरी वाकडं लिहून पाठवायचा बेत दिसतोय. मग वाटलं, माझी हजेरीच कागदावर नसेल. मग आमच्या आत्ताच्या रुग्णालयात एक दिवस वरिष्ठांनी सहज विचारलं, "पुरानी जगह से कोई झगड़ा चल रहा है क्या?" आणि माझी झोपच उडाली. त्यांना कुणी सांगितलं? का सांगितलं?

नवऱ्याशी बोलायचं तर घरात सासूबाई. म्हणून मी भाजीची पिशवी घेऊन शिंदे घाटावर जायचे, पायऱ्यांवर एका बाजूला बसायचे आणि तिथून त्याला फोन लावायचे. तो म्हणायचा, "वाट बघ." मी म्हणायचे, "मुदत काय वाट बघत बसणार आहे?" आमची दोनतीन भांडणं त्या घाटावर झाली, माझ्या बाजूची सगळ्या पंड्यांनी ऐकली असतील. घरी आले की सासूबाई पिशवीत डोकावायच्या आणि म्हणायच्या, "इतका वेळ? आणि आणलंस काय, दोन लिंबं!" मी काहीतरी थाप मारायचे. त्या मान हलवायच्या, पण त्यांची नजर माझ्या फोनवर असायची. ह्यांना कळलं की काय, ही आणखी एक काळजी.

आणि एक दिवस मी कामावरून आले तर सासूबाई जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या, चष्मा नाकावर, समोर फोडलेलं रजिस्टर पाकीट. पोस्टमनने त्यांच्या हातात दिलं होतं आणि त्यांनी सही करून घेतलं होतं. पाकिटावर नाव माझं होतं, पण आमच्या घरात रजिस्टर आलं की ते फोडायचा मान त्यांचा, ते मी विसरले होते.

"बस," त्या म्हणाल्या. मी बसले.

त्यांनी वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं. 'आपके पत्र में जिस खुलासे की बात कही गई है, उसके संबंध में सूचित किया जाता है कि संस्थान में ऐसा कोई कार्य नहीं होता जिसका खुलासा किया जाना हो. संस्थान सभी आरोपों का खंडन करता है. भविष्य में समस्त पत्राचार हमारे अधिवक्ता के माध्यम से करें.'

"आरोप? कसले आरोप?" माझ्या तोंडून निघालं. "मी तर नुसतं अनुभवपत्र मागितलं!"

"काय लिहिलं होतंस? कॉपी आण."

मी कपाटातून शिक्का मारलेली कॉपी आणली. आता लपवून काय उपयोग होता? सासूबाईंनी ती वाचली. पहिल्या ओळीला भुवया वर गेल्या, दुसरीला तोंडावर पदर, आणि मग अशा हसल्या, अशा हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मी बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"अगं बाई गं," त्या धापा टाकत म्हणाल्या, "अगं हे अनुभवपत्र मागितलंस तू? ही तर सीधी धमकी आहे! खुलासा म्हणजे काय इथे? टीव्हीवर ओरडतात ना, 'आज का बड़ा खुलासा'? भांडाफोड! तू त्यांना लिहिलंयस, माझ्याकडून काय काय कामं करून घेतलीत त्याचा लेखी भांडाफोड करा, नाहीतर परिषद तुमची चौकशी करेल. आणि वर शिक्का घेऊन आलीस!"

मी डोक्याला हात लावला. आमच्याकडे ऑफिसात खुलासा मागवतात म्हणजे काय, तर सगळं स्पष्ट करून सांगा म्हणतात. टीव्हीवरचा तो शब्द मीही रोज ऐकत होते की! पण कागदावर लिहिताना माझ्या हाताला सांगलीचाच अर्थ ठाऊक. आणि परदेशाचं नाव गाळलं, त्यामुळे परिषद म्हणजे डॉक्टरांना आपल्या इथली डॉक्टरांची परिषद वाटली. त्यांची झोप माझ्याआधी उडाली असणार, आणि म्हणूनच आमच्या रुग्णालयात त्यांनी माझी चौकशी केली असणार.

सासूबाईंचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी पुन्हा एकदा कॉपी वाचली, या वेळी मास्तरणीसारखी नाही. "आणि ही परिषद कुठली?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं. मला रडायला आलं, आणि राग आला तो स्वतःचा. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणून घाटावर जाऊन फोन होय? मला वाटलं, तुझं बाहेर काही चाललंय."

"आई!"

"मग काय वाटायचं? सून दोन लिंबांसाठी दोन तास घाटावर बसते, कोण आहे पलीकडे?" त्या उठल्या. "माझा मुलगाच होता, हे मात्र डोक्यात आलं नाही."

मला वाटलं होतं त्या आता अबोला धरतील, मुलाला फोन लावतील, छातीत दुखतंय म्हणतील. यातलं काहीच झालं नाही. त्यांनी कागद आणि पेन काढलं आणि म्हणाल्या, "सांग, त्यांना नेमकं काय पाहिजे." मी एकेक सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. खुलासाच्या जागी विवरण आलं, पूछताछच्या जागी सत्यापन, म्हणजे खात्री करून घेणं, आणि मुझसे काम लिए गए हे खोडून मैंने कौन-कौन से दायित्व निभाए. परदेशाचं नाव त्यांनी ठळक लिहिलं. मला त्या मदतीचाही संशय आला, खोटं कशाला बोलू? वाटलं, ह्या एवढ्या गोड का वागतायत, तिथे जाऊन डॉक्टरांना वेगळंच काही सांगायचा डाव नाही ना. कारण त्या म्हणाल्या होत्या, "पत्र देऊन भागणार नाही, मी स्वतः येते. माझ्या सुनेच्या हिंदीची शोभा झालीय, ती मलाच निस्तरली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी लॅबचा जिना चढलो. काउंटरवरची मुलगी आम्हाला पाहून पांढरी पडली. आत डॉक्टर, शेजारी मॅनेजर. मॅनेजरने आपला मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. सासूबाई खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "रिकॉर्ड कर रहे हैं? अच्छा है. बाद में सुनिएगा भी."

डॉक्टरांनी हात जोडले, पण चेहरा दगडासारखा. "बहनजी, हम बीस तरह के लोगों को झेलते हैं. सीधे बताइए, आप लोग चाहते क्या हैं?"

सासूबाईंनी सांगायला सुरुवात केली. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण, आणि सून महाराष्ट्रातली आहे. डॉक्टरांचा विश्वास बसेना. "खुलासा माने खुलासा," ते म्हणाले. "अब पकड़े गए तो मराठी हो गया?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाईंनी माझा हात दाबला. "डॉक्टर साहब, मैंने पैंतीस साल लड़कियों को शिक्षा दी," त्या म्हणाल्या. "मराठी में शिक्षा का मतलब होता है सज़ा. जब ये ब्याह के आई, तो मैंने बड़े गर्व से कहा, मेरा काम शिक्षा देना है. ये तीन दिन मेरे सामने नहीं आई."

हे खरं होतं. मी खरंच आले नव्हते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मग ते हसले, मॅनेजरही हसला, आणि बाहेरून काउंटरवरच्या मुलीचं हसू ऐकू आलं, म्हणजे ती दाराला कान लावून होती. डॉक्टरांनी नवं पत्र हातात घेतलं. वाचता वाचता थांबले आणि हळूच म्हणाले, "तो... वो रिपोर्ट वाली बात नहीं लिखवानी है?"

मला लख्ख समजलं पाणी कुठे मुरत होतं ते. डॉक्टर गावाला गेलेले असायचे तेव्हाही त्यांच्या सहीचे रिपोर्ट बाहेर जायचे. सही कॉम्प्युटरमध्ये होती. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं, आणि माझ्या पत्राने त्यांना नेमकं तेच आठवलं होतं. त्या क्षणी तो माणूस माझ्या मुठीत होता. इतके दिवस त्याने मला छळलं होतं, म्हणून मला थोडं बरंही वाटलं. पण मी म्हटलं, "सर, मैंने जो काम अपने हाथ से किया, वो लिख दीजिए. रिपोर्ट मैं बनाती थी, जाँचना आपका काम था. उतना ही लिखिए, न कम, न ज़्यादा."

डॉक्टरांनी मॅनेजरला टेबलावरचा मोबाइल उचलून रेकॉर्डिंग बंद करायला सांगितलं. मग त्यांनी माझी फाइल मागवली. रुजू झाल्याची तारीख नेमणुकीच्या कागदावरून आणि सोडल्याची माझ्या नोटिशीवरून स्वतः बघितली. विभाग विचारले, तास विचारले. निघताना म्हणाले, "मेल आज ही चला जाएगा." आणि मग, दाराशी, कुणाकडेही न बघता, "आपके बाद स्लाइड की वैसी स्टेनिंग अब तक किसी से नहीं हुई."

पण माझा स्वभाव कुठे जातो? मेल गेला का, त्यात काय लिहिलं, गोड बोलून तोंडाला पानं तर पुसली नाहीत, रोज परिषदेच्या साइटवर जाऊन मी बघायचे. रोज तेच, 'मालकाच्या पत्राची प्रतीक्षा'. आता लपवायचं काही नव्हतं, म्हणून सासूबाईही चहाचा कप घेऊन मागे उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "आलं का गं?" माझ्याहून त्यांना घाई. नवरा म्हणाला, "बघ, आईला किती आनंद झालाय, आपण उगाच घाबरलो." मला ते पटत नव्हतं. ज्या दिवशी सगळं कळलं त्या दिवसापासून त्यांनी जाण्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. ताकास तूर लागू देत नव्हत्या.

मुदत अगदी तोंडावर आली तेव्हा एका सकाळी ओळ बदलली. पत्र मिळालं, अनुभव मान्य. खाली रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पूर्ण वेळ, आणि माझे सगळे विभाग, एकाखाली एक. मी ओरडलेच. सासूबाई पोळ्या टाकून पिठाच्या हातांनी धावत आल्या.

"वाच," त्या म्हणाल्या. "मराठीत सांग. नीट."

मी एकेक ओळ मराठीत सांगितली. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. रक्ततपासणी, रसायन विभाग, जंतूंची तपासणी, यंत्रांची रोजची पडताळणी. मला फार आनंद झाला होता. इतकी वर्षं मी काय केलं ते कुणीतरी कागदावर लिहिलं होतं, आणि तेही त्या तोंडफाटक्या माणसाने, एक शब्द न गाळता. सासूबाई मान हलवत होत्या. माझं सांगून झालं तरी त्या तिथेच उभ्या राहिल्या. हात पिठाचे, म्हणून कशाला लावता येत नव्हते, ते तसेच पुढे धरलेले.

"छान झालं," त्या म्हणाल्या. "त्यांना सगळं कळलं. कधीपासून, कधीपर्यंत, काय काय केलंस."

"हो ना, आई."

"मग आता माझाही एक खुलासा कर. तुझ्या मराठीतला." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "या घरात तू कधीपासून, ते मला पाठ आहे. काय काय केलंस, तेही माहिती आहे. कधीपर्यंत, तेवढं सांग."

तिकडे आईवडिलांना लगेच नेता येत नाही, हा नियम मी फार आधीच वाचला होता. नवऱ्यालासुद्धा सांगितला नव्हता.

"आई, परीक्षा पास झाले तर पुढच्या वर्षी," मी म्हटलं. "आणि तुम्हाला आत्ता नेता येणार नाही."

त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाल्या, "तारीख कळली की सांग." आणि तव्यावरची पोळी करपत होती, ती उलटायला आत गेल्या.